«पुढच्या शुक्रवारी» म्हणजे कोणती तारीख? सभागृहाच्या नोंदवहीतील नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या सभागृहाची नोंदवही मी सांभाळतो. साखरपुडे, बारशी, मुंजी, भजनी मंडळांचे वार्षिक कार्यक्रम आणि उत्सवातील नाट्यप्रयोग यांसाठी लोक हे सभागृह मागतात. पूर्वी मागणी करणारा माणूस समोर येऊन बसत असे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस दाखवत असे. आता बहुतेक मागण्या मोबाईलवरील संदेशातून येतात आणि त्यांत तारीख क्वचितच असते. «पुढच्या शुक्रवारी», «येत्या रविवारी», «आठ दिवसांनी» अशा शब्दांत दिवस सांगितलेला असतो. लिहिणाऱ्याच्या मनात एकच दिवस असतो, वाचणाऱ्याच्या मनातही एकच दिवस उभा राहतो, आणि हे दोन दिवस वेगळे असू शकतात हे दोघांपैकी कोणालाच जाणवत नाही. परिणामी एका संध्याकाळी दोन कुटुंबे दारात येतात, किंवा आचारी आणि मंडपवाला एका शुक्रवारी पोहोचतात व पाहुणे दुसऱ्या शुक्रवारी. ज्या संस्थांना, मंडळांना आणि व्यावसायिकांना हाच त्रास होतो, त्यांच्यासाठी ही अडचण कशी ओळखावी आणि कशी सोडवावी ते येथे मांडतो.

प्रथम फरक किती दिवसांचा आहे ते मोजावे

घोटाळा उघड झाल्यावर कोण चुकले हे शोधण्यापूर्वी नोंदवलेला दिवस आणि अपेक्षित दिवस यांत किती अंतर पडले आहे ते मोजावे, कारण त्या अंतरावरूनच कारण बहुतेक वेळा कळते. अंतर बरोबर सात दिवसांचे असेल, म्हणजे वार तोच आणि आठवडा वेगळा असेल, तर दोष «पुढच्या» किंवा «येत्या» या शब्दाच्या अर्थात असतो. अंतर एका दिवसाचे असेल, तर संदेश कोणत्या दिवशी लिहिला गेला याबद्दल गैरसमज झालेला असतो, किंवा रात्री बारानंतरचा प्रसंग आदल्या वारावर लिहिला गेलेला असतो, किंवा मोजताना पहिला दिवस धरायचा की नाही यावर दोघांचे मत वेगळे असते. अंतर कित्येक आठवड्यांचे असेल, तर संगणकात तारीख भरताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे. आमच्याकडे सर्वाधिक त्रास सात दिवसांच्या चुकीने होतो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

सात दिवसांची चूक

«येत्या शुक्रवारी» याचा अर्थ बहुतेक मराठी माणसे सारखाच घेतात: आजनंतर जो पहिला शुक्रवार येईल तो. «या शुक्रवारी» म्हणजे चालू आठवड्यातला शुक्रवार, आणि क्रियापद भूतकाळी असेल तर तो होऊन गेलेलाही असू शकतो. खरी अडचण «पुढच्या शुक्रवारी» या शब्दांची आहे. काही लोक त्याचा अर्थ «यापुढचा पहिला शुक्रवार» असा घेतात आणि काही लोक «पुढच्या आठवड्यातला शुक्रवार» असा घेतात. दोन्ही अर्थ प्रामाणिक आहेत, दोन्ही घराघरांत रूढ आहेत, आणि एकच माणूससुद्धा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या अर्थाने ते शब्द वापरतो. म्हणून «पुढच्या»चा एक अर्थ ठरवून टाकावा आणि सर्वांना तोच लावावा, हा उपाय टिकत नाही. आपण ठरवलेला नियम संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नसतो.

मात्र हे दोन अर्थ सर्व दिवशी सारखे दूर जात नाहीत, ही गोष्ट लक्षात घेतली की काम पुष्कळ सोपे होते. सोमवार ते गुरुवार या दिवसांत चालू आठवड्यातला शुक्रवार अजून यायचा असतो, त्यामुळे दोन अर्थांत सात दिवसांचे अंतर पडते. शनिवारी चालू आठवड्यातला शुक्रवार होऊन गेलेला असतो. पहिला येणारा शुक्रवार आणि पुढच्या आठवड्यातला शुक्रवार हे एकच असतात, म्हणून शनिवारच्या संदेशात सहसा गोंधळ नसतो. शुक्रवारी लिहिलेल्या संदेशातही «पुढचा शुक्रवार» हा सात दिवसांनी येणारा असतो, कारण त्याच दिवसाविषयी सांगायचे असते तर माणसाने «आज» म्हटले असते.

सर्वांत कठीण दिवस रविवारचा. आठवडा सोमवारपासून मोजणाऱ्या माणसासाठी रविवार हा सरत्या आठवड्याचा शेवटचा दिवस असतो, त्यामुळे पाच दिवसांनी येणारा शुक्रवार त्याच्या दृष्टीने पुढच्या आठवड्यातला ठरतो. आठवडा रविवारपासून मोजणाऱ्यासाठी तोच शुक्रवार चालू आठवड्यातला असतो, आणि «पुढचा» म्हणजे बारा दिवसांनी येणारा. आपल्या भिंतीवरच्या बहुतेक छापील कॅलेंडरांत वारांची सुरुवात रविवारने होते, तर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि कचेरीच्या कामाच्या वहिवाटीत आठवडा सोमवारी सुरू होतो. एकाच घरात आजी भिंतीवरचे कॅलेंडर पाहते आणि नात कचेरीच्या वेळापत्रकाप्रमाणे विचार करते. म्हणून रविवारी लिहिलेला «पुढच्या»चा संदेश मी कधीही विचारल्याशिवाय नोंदवत नाही.

गुरुवारच्या संदेशाबद्दलही एक सूक्ष्म खूण सांगण्यासारखी आहे. गुरुवारी लिहिणाऱ्याला दुसऱ्याच दिवसाचा शुक्रवार अभिप्रेत असेल, तर तो स्वाभाविकपणे «उद्या» लिहितो. त्याने «उद्या» न लिहिता «येत्या शुक्रवारी» लिहिले असेल, तर एरवी नि:संदिग्ध असलेला «येत्या» हा शब्दही संशयास्पद होतो, आणि आठ दिवसांनी येणाऱ्या शुक्रवाराची शक्यता वाढते. जवळचा सोपा शब्द हाताशी असताना तो टाळला गेला आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. अर्थात ही केवळ खूण आहे, कारण संदेश दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून लिहिला असेल तर ती लागू पडत नाही.

एका साखरपुड्याचे उदाहरण

२०२५ च्या डिसेंबरमधील एक मागणी येथे तपशिलाने देतो, कारण तिच्यात जवळजवळ सर्व गुंते एकत्र आले होते. सोमवार, ८ डिसेंबरच्या सकाळी एका कुटुंबाकडून आम्हाला संदेश मिळाला: «पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी साखरपुड्यासाठी सभागृह मिळेल का? साधारण दीडशे माणसे असतील.» समितीच्या सदस्यांनी तो वाचला तेव्हा अनेकांनी १९ डिसेंबर ही तारीख धरली. त्यांचे तर्कही चुकीचे नव्हते. सोमवारी लिहिणाऱ्याला चारच दिवसांनी येणारा १२ तारखेचा शुक्रवार सांगायचा असता, तर त्याने «या शुक्रवारी» म्हटले असते. शिवाय १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन आहे, त्या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी असते, आणि दीडशे माणसांचा घरगुती कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी ठेवणे सोयीचे असते.

या तर्कातली कच्ची जागा अशी होती की संदेश सोमवारी लिहिला गेला होता हेच कोणी तपासले नव्हते. संदेशावर तो पुढे पाठवलेला असल्याची खूण होती. पुढे पाठवलेल्या संदेशाशेजारी जी वेळ दिसते ती पुढे पाठवल्याची असते. मूळ लेखनाची वेळ त्यात येत नाही. सापेक्ष दिवस मोजण्यासाठी आपल्याला मात्र मूळ लेखनाचा दिवसच हवा असतो. म्हणून संदेश पाठवणाऱ्याला, म्हणजे मुलीच्या भावाला, एवढेच विचारले: «हा मजकूर मूळ कोणी, कुठून आणि कोणत्या दिवशी लिहिला?» त्याने सांगितले की मजकूर लिस्बनमध्ये राहणाऱ्या काकांचा आहे आणि त्याच्या मोबाईलवर तो रविवारी पहाटे साडेतीनला आला आहे.

आता मोजणीचा दिवस सोमवारवरून रविवारवर आला, आणि वर म्हटल्याप्रमाणे रविवार हा सर्वांत अडचणीचा दिवस आहे. परंतु येथेही थांबणे योग्य नव्हते. मोबाईल प्रत्येक संदेशाची वेळ वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो. हिवाळ्यात लिस्बनचे घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि उन्हाळ्यात तेथे घड्याळे तासभर पुढे करतात तेव्हा हे अंतर साडेचार तासांचे होते. म्हणजे गोव्यात रविवारी पहाटे साडेतीन वाजले होते तेव्हा काकांच्या घरी शनिवारच्या रात्रीचे दहा वाजले होते. त्यांनी तो मजकूर शनिवारी, ६ डिसेंबरला लिहिला होता. शनिवारी बोलणाऱ्यासाठी पहिला येणारा शुक्रवार आणि पुढच्या आठवड्यातला शुक्रवार हे दोन्ही १२ डिसेंबरच होतात, मग आठवडा रविवारपासून मोजा किंवा सोमवारपासून.

पंचांगातूनही १२ तारखेलाच दुजोरा मिळत होता. १९ डिसेंबरला मार्गशीर्ष अमावास्या होती, आणि आपल्याकडची बहुतेक कुटुंबे साखरपुड्यासाठी अमावास्या टाळतात. सुट्टीचा विचार १९ कडे नेत होता आणि तिथीचा विचार १२ कडे. अशा संदर्भातल्या खुणा मी नेहमी पाहतो, परंतु केवळ त्यांच्या आधारावर नोंद पक्की करत नाही. तिथी न पाळणारे कुटुंब असू शकते, आणि परदेशातून येणाऱ्यांच्या विमानाच्या तिकिटांमुळे मुहूर्ताशी तडजोडही केली जाते. खुणांचा उपयोग प्रश्न नीट विचारण्यापुरता करावा.

प्रश्न कसा विचारावा याला मी फार महत्त्व देतो. «म्हणजे १२ तारीख ना?» असे विचारले की घाईत असलेला माणूस «हो» म्हणतो, कारण त्याने तारीख पाहिलेली नसते आणि समोरच्याने पाहिली असेल असे तो गृहीत धरतो. «पुढचा शुक्रवार ना?» असे विचारणे तर पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण त्यात तोच संदिग्ध शब्द परत जातो आणि दोघेही आपापल्या अर्थाने सहमत होतात. आम्ही काकांना थेट असे लिहिले: «नमस्कार. आपला साखरपुडा शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५ रोजी आहे की शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५ रोजी? कृपया तारखेचा आकडा लिहून कळवावे.» दोन्ही पर्याय पूर्ण लिहिलेले असल्यामुळे उत्तर देणाऱ्याला कॅलेंडर पाहावेच लागते, आणि «हो» हे उत्तर त्या प्रश्नाला लागूच पडत नाही. उत्तर आले: «१२ डिसेंबर. १९ ला अमावास्या आहे.» त्यानंतरच नोंद झाली. आचारी आणि मंडपवाला यांनाही तीच पूर्ण तारीख कळवण्यात आली. मूळ संदेश त्यांच्याकडे पुढे पाठवला नाही, कारण तो मंगळवारी किंवा बुधवारी त्यांच्या हाती पडला असता आणि त्यांनी आपल्या दिवसापासून नवी मोजणी केली असती.

हा शेवटचा मुद्दा सहज सुटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक सांगतो. सापेक्ष दिवस असलेला मजकूर जितक्या हातांतून जातो तितक्या वेळा त्याचा अर्थ बदलण्याची शक्यता असते. तारीख एकदा निश्चित झाली की मूळ संदेशातील «पुढच्या शुक्रवारी» हे शब्द व्यवहारातून पूर्णपणे बाद करावेत. नोंदवहीत, पावतीवर, दारावरच्या सूचनाफलकावर आणि पुढच्या प्रत्येक संदेशात वार, दिनांक, महिना आणि वर्ष असेच लिहावे.

एका दिवसाची चूक

लिस्बनच्या संदेशात «पुढच्या शुक्रवारी» ऐवजी «उद्या» असता, तर चूक सात दिवसांची न होता एका दिवसाची झाली असती. शनिवारी रात्री दहाला लिहिलेला «उद्या» म्हणजे रविवार. पण गोव्यात रविवारी पहाटे आलेला «उद्या» वाचणाऱ्याला सोमवार वाटतो. परदेशी असलेल्या नातेवाइकांचे संदेश रात्री बारा ते पहाटे सहा या वेळेत आलेले असतील, तर त्यांच्या दिवसाची खातरजमा करावी. आखातातून येणाऱ्या संदेशांतही हा प्रश्न येऊ शकतो, मात्र दुबईचे घड्याळ केवळ दीड तास मागे असल्यामुळे तेथे मध्यरात्रीनंतरच्या दीड तासापुरतेच सावध राहावे लागते.

गोव्यात एका दिवसाच्या चुकीचे दुसरे, आणि माझ्या मते मोठे, कारण जत्रा आणि उत्सवांतील रात्रीचे कार्यक्रम हे आहे. पालखी, आरत्या आणि पावणी आटोपून नाट्यप्रयोग सुरू व्हायला कित्येकदा मध्यरात्र उलटते. गावातला माणूस त्याला «शनिवारच्या रात्रीचे नाटक» म्हणतो आणि त्याचे म्हणणे परंपरेला धरूनच आहे, कारण पंचांगात वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत मोजला जातो. पण ध्वनिव्यवस्था भाड्याने देणारा किंवा बाहेरगावाहून येणारा वादक जेव्हा «शनिवार, रात्री दीड» असे वाचतो, तेव्हा कॅलेंडराप्रमाणे त्याचा अर्थ शुक्रवारची रात्र सरल्यानंतरचे दीड असा होतो, आणि तो संपूर्ण एक दिवस आधी येऊन उभा राहतो. अशा प्रसंगासाठी आम्ही दोन्ही बाजू लिहितो: «शनिवार, १३ डिसेंबरची रात्र संपताना, म्हणजे रविवार, १४ डिसेंबर, पहाटे १.३० वाजता.» वाक्य लांब होते, पण त्यातील दोन्ही वार आणि दोन्ही तारखा एकमेकींना आधार देतात. पोहोचण्याची वेळ मध्यरात्रीच्या आधीची ठरवता आली, उदाहरणार्थ «शनिवार, १३ डिसेंबर, रात्री १० पर्यंत सामान लावावे», तर प्रश्नच उरत नाही, आणि शक्य असेल तेथे मी हाच मार्ग घेतो.

तिसरे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. «आठ दिवसांनी» म्हणजे आपल्या बोलण्यात एक आठवड्याने, आणि «पंधरा दिवसांनी» म्हणजे दोन आठवड्यांनी. आजचा दिवसही मोजणीत धरण्याची ही जुनी पद्धत आहे. गुरुवार, ११ डिसेंबरला कोणी «आठ दिवसांनी या» म्हटले, तर बहुधा त्याला गुरुवार, १८ डिसेंबर अभिप्रेत असतो. परंतु आकडे मिळवणारा माणूस ११ मध्ये ८ मिळवून १९ हा शुक्रवार काढतो. वार विचारला की हा घोटाळा लगेच सुटतो: «आठ दिवसांनी, म्हणजे गुरुवारीच ना?» एका दिवसाच्या चुकीत वार बदलतो, म्हणून वार विचारणे पुरते, सात दिवसांच्या चुकीत वार तोच राहतो, म्हणून तेथे तारखेचा आकडाच विचारावा लागतो.

नोंद संगणकात ठेवत असल्यास

आमची नोंदवही आता कागदाबरोबरच स्प्रेडशीटमध्येही असते. तेथे मी A स्तंभात मूळ संदेश लिहिल्याचा दिवस, B मध्ये त्यानंतरचा पहिला शुक्रवार, C मध्ये त्याच्या पुढचा शुक्रवार आणि D मध्ये उत्तरातून निश्चित झालेली तारीख ठेवतो. B आणि C या स्तंभांचे काम केवळ प्रश्नातील दोन पर्याय अचूक मिळवून देणे एवढेच आहे.

```
B2:  =A2+MOD(5-WEEKDAY(A2),7)+1
C2:  =B2+7
E2:  =TEXT(D2,"dddd")
```

WEEKDAY रविवारला १ आणि शुक्रवारला ६ क्रमांक देतो. सूत्रातील ५ हा शुक्रवारच्या क्रमांकाहून एक कमी असा आकडा आहे. रविवार हवा असेल तर तेथे ० घालावे, शनिवारसाठी ६. A2 मध्ये स्वतः शुक्रवार असेल तर हे सूत्र तो दिवस सोडून सात दिवसांनी येणारा शुक्रवार देते, जे «येत्या शुक्रवारी» या बोलण्याशी जुळते. पडताळून पाहण्यासाठी A2 मध्ये ६, ७ आणि ८ डिसेंबर २०२५ क्रमाने घालून पाहावे. तिन्ही वेळा १२ डिसेंबर यायला हवा, आणि १२ डिसेंबर घातल्यास १९.

A2 मध्ये आजची तारीख आपोआप यावी म्हणून TODAY() वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळलाच पाहिजे. TODAY() दर वेळी फाईल उघडल्याच्या दिवसाची तारीख देते, त्यामुळे आज १२ डिसेंबर दाखवणारी ओळ शनिवारी उघडली की १९ डिसेंबर दाखवू लागते, आणि कोणी काहीही न बदलता नोंद सरकते. आजची स्थिर तारीख घालायची असेल तर Ctrl+; दाबावे, त्याने जी तारीख पडते ती पुढे बदलत नाही.

E स्तंभातील वार हा तारीख भरताना झालेली चूक पकडण्यासाठी आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर 8/12/2025 असे लिहिल्यावर ८ डिसेंबरऐवजी १२ ऑगस्ट नोंदवला जातो. ८ डिसेंबर २०२५ हा सोमवार आहे आणि १२ ऑगस्ट २०२५ हा मंगळवार, त्यामुळे शेजारचा वार पाहताच चूक लक्षात येते. मात्र वाराच्या या पडताळणीला मर्यादा आहे. महिना चुकला तरी वार कधीकधी जुळतो: फेब्रुवारी २८ दिवसांचा असतो तेव्हा मार्चमधील पहिल्या २८ तारखांना तेच वार पडतात, जसे १३ फेब्रुवारी २०२६ आणि १३ मार्च २०२६ हे दोन्ही शुक्रवार आहेत. म्हणून «शुक्रवार, १३ तारीख» एवढे कोणी कळवले, तर महिन्याचे नावही मागून घ्यावे.

तिथी आणि व्रताच्या आधारे सांगितलेले दिवस

वयस्कर मंडळींकडून येणाऱ्या मागण्यांत «मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी» असेही शब्द असतात. ही पद्धत मला «पुढच्या गुरुवारी» या शब्दांपेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण तिला संदेश कधी लिहिला याच्याशी काही देणेघेणे नसते. वर्ष आणि पंचांग ठाऊक असले की दिवस ठरतो. २०२५ मध्ये मार्गशीर्ष १९ डिसेंबरच्या अमावास्येला संपत असल्यामुळे शेवटचा गुरुवार १८ डिसेंबरला पडला. येथे फक्त एक काळजी घ्यावी लागते: उत्तर भारतीय पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडच्या माणसाला किंवा तिकडे छापलेले पंचांग पाहणाऱ्याला हाच शेवटचा गुरुवार ४ डिसेंबर वाटेल, कारण २०२५ मध्ये मार्गशीर्षाची पौर्णिमा त्याच दिवशी होती.

कार्यक्रम पुढे ढकलला जातो तेव्हा

सर्व काही नीट नोंदवल्यानंतरही बदलाच्या वेळी जुना घोटाळा नव्याने शिरू शकतो. «कार्यक्रम एक शुक्रवार पुढे घ्या» असा निरोप आला, तर तो कोणत्या शुक्रवारपासून पुढे, हे निरोप देणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून असते. त्याच्या मनात मुळातच वेगळी तारीख असेल तर दोन चुका एकमेकींत मिसळतात. म्हणून बदल नोंदवताना आम्ही जुनी तारीख खोडून नवी लिहीत नाही. जुनी आणि नवी अशा दोन्ही पूर्ण तारखा, बदल कोणी आणि कोणत्या दिवशी कळवला त्यासह, एकाच ओळीत लिहितो आणि तीच ओळ संबंधितांना पाठवतो: «शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५ चे आरक्षण रद्द, त्याऐवजी शनिवार, २० डिसेंबर २०२५, संध्याकाळी ५ ते ९. बदल मंगळवार, ९ डिसेंबर रोजी वधूपक्षाकडून.» जुनी तारीख समोर दिसली की ती आपल्या समजुतीशी जुळते का हे समोरचा माणूस आधी पाहतो, आणि जुळत नसेल तर तो त्याच दिवशी दूरध्वनी करतो.